परस्पर संमतीचा घटस्फोट: चिपळूणच्या एका अर्जाचा मसुदा कसा तयार झाला

मार्च २०२५ मध्ये या अर्जातली पत्नी वकिली सल्ल्यासाठी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात दोन कागद होते. पहिला पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर केलेला, नोटरीचा शिक्का असलेला करारनामा, पोटगी, मुलगी, फ्लॅट, दागिने असं सगळं त्यात लिहिलेलं. दुसरा घटस्फोटाचा संयुक्त अर्ज, जेमतेम अडीच पानांचा. त्यातला एक परिच्छेद म्हणत होता, "उभयतांमध्ये पोटगी, अपत्याचा ताबा व मालमत्ता याबाबत स्वतंत्र करार झाला असून आता काही वाद शिल्लक नाही." शेवटच्या विनंतीत एकच मागणी होती, विवाह संपुष्टात आणावा.

दोन्ही कागद पतीच्या बाजूने आले होते आणि त्यांत फसवणुकीचा हेतू मला कुठेही दिसला नाही. पती मुंबईत खासगी कंपनीत नोकरीला, हातात महिन्याला साधारण बासष्ट हजार. पत्नी चिपळूणला खासगी बालवाडीत शिकवते, तिला चौदा हजार मिळतात. मुलगी आठ वर्षांची. दोघांना खरोखरच शांतपणे वेगळं व्हायचं होतं. तरीही तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं की या अर्जावर सही करू नकोस. कोर्ट फक्त विनंती मंजूर करतं. विनंतीत विवाह संपवण्यापलीकडे काही नसेल तर हुकूमनाम्यातही तेवढंच येतं. उद्या पोटगी थांबली आणि बजावणीसाठी दरखास्त लावायची झाली, तर दाखवायला त्या नोटरीच्या करारापलीकडे काही राहत नाही. त्याच्या आधारे पुन्हा वेगळा दावा लावावा लागतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८-अ प्रमाणे बजावणी होते ती हुकूमनाम्याची आणि आदेशाची. म्हणून ठरलेल्या सगळ्या अटी अर्जातच घ्यायच्या आणि "परिच्छेद ९ ते १६ मधील अटी हुकूमनाम्याचा भाग कराव्यात" अशी स्वतंत्र विनंती करायची, इथून आमचं काम सुरू झालं.

वेगळे राहण्याची तारीख

कलम १३-ब प्रमाणे अर्ज करण्याआधी दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा कोर्टापुढे येऊन दुसरा जबाब द्यायचा असतो. मधला सहा महिन्यांचा काळ कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात ठरवलं. त्यातला पहिला निकष असा की एक वर्ष आणि त्यावर सहा महिने, म्हणजे एकूण दीड वर्ष, अर्जाच्या आधीच उलटलेलं असावं. हे निकष अगदी फूटपट्टीसारखे लावायचे नाहीत, असं २०२१ च्या एका निकालात म्हटलं आहे. पण तालुक्याच्या कोर्टात माफी मागताना दीड वर्ष पूर्ण झालेलं असलं की युक्तिवादाचा प्रश्नच येत नाही.

पतीच्या मसुद्यात "सुमारे दीड वर्षापासून विभक्त" एवढंच होतं. मी तारीख विचारली. पत्नी माहेरी आली ती १४ ऑक्टोबर २०२३ ला, त्या वर्षीच्या गणपतीनंतर. म्हणजे मार्चमध्ये दीड वर्ष भरायला महिनाभर कमी होता. घाई करण्यात काही अर्थ नव्हता. फ्लॅटवरचं कर्ज फेडायचं होतं, त्यालाही तेवढा वेळ लागणारच होता. अर्ज २३ जून २०२५ ला दाखल झाला, तेव्हा वीस महिने पूर्ण झाले होते.

तारीख विचारता विचारता पत्नी सहज म्हणाली, "मधे एकदा गेले होते मी सासरी. गणपतीला."

सप्टेंबर २०२४ मध्ये ती मुलीला घेऊन गुहागर तालुक्यातल्या सासरच्या घरी पाच-सहा दिवस राहून आली होती. सासूबाईंना गुडघ्यामुळे बसवत नाही, गौरी कोण बसवणार? शिवाय गावात चर्चा नको म्हणून सासऱ्यांनी फोन केला होता. पतीही मुंबईहून आला होता. एकाच छपराखाली पाच रात्री. पतीच्या वकिलांचं म्हणणं पडलं, हे लिहूच नका, उगाच प्रश्न येतील.

माझं मत उलट होतं आणि आजही आहे. वेगळं राहणं म्हणजे वेगळ्या घरात राहणं नव्हे. नवरा-बायको म्हणून न राहणं, असा त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुरेष्टा देवी निकालात लावला आहे, मग घर एकच का असेना. कोकणात तर सणाला घरी जाणं हे देवाचं असतं, त्याला संसार परत सुरू झाला असं कोणी म्हणत नाही. पण लपवलेली गोष्ट जबाबात बाहेर आली तर तीच संशयाची होते, आणि आठ वर्षांची मुलगी समुपदेशकापुढे "आम्ही सगळे गणपतीला एकत्र होतो" असं निरागसपणे सांगू शकते. आम्ही सरळ लिहिलं: "दि. ७ सप्टेंबर २०२४ ते १२ सप्टेंबर २०२४ या काळात अर्जदार क्र. १ ही गौरी-गणपतीच्या धार्मिक कार्यासाठी अर्जदार क्र. २ च्या गावच्या घरी राहिली होती; तथापि त्या काळात उभयतांत पती-पत्नीचे संबंध नव्हते व सहजीवन पुन्हा सुरू झाले नाही." पुढे न्यायाधीश साहेबांनी हे वाक्य वाचलं, दोघांना एकेक प्रश्न विचारला आणि पुढे गेले.

एक आडवळण. लग्नाचा दाखला जुलै २०२१ च्या पुरात घरातल्या इतर कागदांबरोबर गेला होता. चिपळूणच्या कितीतरी घरांची हीच गोष्ट. लग्न गावात नोंदलेलं असल्याने ग्रामपंचायतीतून नवी प्रत मिळाली, पण त्यावर पत्नीचं माहेरचं नाव होतं आणि आधार, बँक खातं सासरच्या नावाने. अर्जाच्या शीर्षकात दोन्ही नावं "ऊर्फ" लावून द्यायची, हे मी तेव्हा लिहून ठेवलं. पुढे ते कामाला आलं.

पोटगी: दोन वेगळ्या माणसांची

जुन्या करारात एकच वाक्य होतं: "पत्नीस एकरकमी सहा लाख रुपये दिले असून ती स्वतःसाठी व अपत्यासाठी भविष्यात कोणतीही मागणी करणार नाही." असं वाक्य मी किती अर्जांत पाहिलं असेल, मोजलेलं नाही. त्याचा दुसरा अर्धा भाग टिकणारा नाही. मुलीच्या पालनपोषणाचा हक्क मुलीचा आहे. आई तो सोडून देऊ शकत नाही, आणि कोर्टही अशा वाक्याकडे बारकाईने बघतं.

म्हणून दोन वेगळे परिच्छेद केले. पत्नीची कायमची पोटगी सहा लाख. त्यातले दोन लाख अर्ज दाखल करताना, चार लाख दुसऱ्या जबाबाच्या दिवशी. सगळी रक्कम आधी देऊन टाकू नये आणि सगळी शेवटालाही ठेवू नये, असा माझा आग्रह असतो. परस्पर संमतीच्या अर्जातली संमती हुकूमनामा होईपर्यंत टिकावी लागते आणि तोवर कोणीही एकजण ती मागे घेऊ शकतो. त्यामुळे दोघांनाही शेवटपर्यंत यायचं कारण उरलं पाहिजे.

मुलीचं मात्र महिन्याला बारा हजार, दर महिन्याच्या सात तारखेपर्यंत, मुलीच्या नावाने आई चालवत असलेल्या खात्यात. दर दोन वर्षांनी जूनमध्ये दहा टक्के वाढ. ही वाढ बारा हजारांवर एकदाच न मोजता त्या वेळच्या रकमेवर मोजायची, असं आम्ही आकड्यांसकट लिहिलं: जून २०२७ पासून १३,२००, जून २०२९ पासून १४,५२०, जून २०३१ पासून १५,९७२. "दहा टक्के वाढ" एवढंच लिहिलं असतं तर दरखास्तीत बेलिफाच्या टेबलावर भांडण झालं असतं. शाळेची फी यात धरलेली नाही. ती पावती पाठवल्यापासून पंधरा दिवसांत पतीने थेट शाळेत भरायची.

किती वर्षं? जुन्या मसुद्यात "अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत" होतं. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० प्रमाणे अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नसेल तर अठरानंतरही वडिलांवर तिची जबाबदारी राहते. बारावीच्या वर्षातच पैसे थांबावेत, असं वडिलांच्याही मनात नव्हतं. ते टंकलेखकाकडच्या जुन्या नमुन्यातून आलं होतं. आम्ही "ती स्वतःच्या उत्पन्नावर निर्वाह करू लागेपर्यंत किंवा तिचा विवाह होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत" असं केलं. पतीने ते वाचून फक्त मान हलवली.

फ्लॅट आणि बाग

फ्लॅट चिपळूणला, २०१८ मध्ये दोघांच्या नावे घेतलेला, दोघंही कर्जदार. जुन्या करारात "फ्लॅट पत्नीकडे राहील, उर्वरित हप्ते तिने भरावेत" असं होतं. चौदा हजारांत ती नऊ हजारांचा हप्ता कशी भरणार, हा एक प्रश्न. दुसरा त्याहून मोठा: बँक या करारात पक्षकार नाही. नवरा-बायकोंनी आपसात काहीही ठरवलं तरी बँकेच्या लेखी दोघंही कर्जदारच राहतात. हप्ता थकला तर पतीचाही पतदर्जा घसरतो, आणि गहाण असेपर्यंत बँकेच्या संमतीशिवाय हिस्सा फिरवता येत नाही. बाकी चार लाख दहा हजार होती. पतीने ती मे महिन्यात फेडली, बँकेकडून कर्ज संपल्याचा दाखला आणि मूळ करारनामा परत घेतला. त्यानंतरच मी अर्जातला फ्लॅटचा परिच्छेद लिहायला घेतला.

आता पतीचा अर्धा हिस्सा पत्नीच्या नावे कसा करायचा? अर्जात लिहून हुकूमनाम्यातून करता येतं, पण महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या व्याख्येप्रमाणे संमतीचा हुकूमनामाही अभिहस्तांतरण, म्हणजे मालमत्ता हस्तांतराचा दस्त, ठरू शकतो. रुबी सेल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच तसं म्हटलं आहे. फ्लॅटचं सरकारी मूल्य सव्वीस लाखांच्या आसपास, अर्ध्याचे तेरा लाख. त्यावर पाच टक्के मुद्रांक शुल्क धरलं तरी पासष्ट हजार. उलट राहती मालमत्ता पतीने पत्नीला बक्षीसपत्राने दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे, स्थानिक अधिभार लागू असेल तर तो वेगळा.

इथे वेळ महत्त्वाची. ही सवलत पत्नीसाठी आहे. हुकूमनामा झाला की ती पत्नी राहत नाही. म्हणजे बक्षीसपत्र हुकूमनाम्याआधी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं गेलं पाहिजे. नंतर आठवलं तर तीच दोन माणसं, तोच फ्लॅट, आणि पूर्ण शुल्क.

आणखी एक गोष्ट मी दोघांनाही समोर बसवून सांगितली. बक्षीस हे मोबदल्याशिवाय असतं. "पोटगीच्या बदल्यात फ्लॅट दिला" असं अर्जात लिहिलं तर ते बक्षीस उरत नाही, आणि सवलत घेणं खोटेपणाचं होईल. इथे खरोखरच तसं नव्हतं. पोटगी वेगळी ठरली होती आणि मुलगी ज्या घरात वाढते ते घर तिच्या आईच्या नावे असावं, ही पतीची स्वतःची इच्छा होती. फ्लॅट पोटगीचाच भाग असता तर मी पूर्ण शुल्क भरायला सांगितलं असतं.

पतीची भीती साधी होती: "मी लिहून दिलं आणि ती दुसऱ्या तारखेला आलीच नाही तर?" ती भीती रास्त होती. म्हणून बक्षीसपत्र दुसऱ्या जबाबाच्या जेमतेम आठवडाभर आधी, ११ ऑगस्टला नोंदवायचं ठरलं, आणि पत्नीचे चार लाख अजून यायचे बाकी होते. तोल दोन्हीकडे राहिला.

बागेचा विषय मात्र पैशांपेक्षा जड निघाला. सासरी हापूसची कलमं आहेत. पत्नीने दहा हंगाम तिथे पेंढ्यात आंबे लावले, पेट्या भरल्या, एप्रिलच्या उन्हात फळ निवडलं. ती मला म्हणाली, "मला पैसे नकोत बागेतले, पण माझं काहीतरी तिथे होतं, हे कुठेतरी लिहा." मी सातबारा काढायला सांगितला. त्यावर अकरा नावं होती, चुलत आजोबांचे वारस धरून. सासरे हयात, वाटणी झालेली नाही, पतीचं नावही नव्हतं. जे पतीच्या नावावर नाही ते तो देऊ शकत नाही, आणि सुनेला वडिलोपार्जित जमिनीत लग्नामुळे हिस्सा येत नाही. तसं लिहिलं असतं तर हुकूमनाम्यात एक पोकळ ओळ आली असती आणि अकरा खातेदारांशी नवं भांडण लागलं असतं. तिच्या कष्टाला कायद्यात मोल नाही, हे तिला समजावून सांगणं या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम होतं.

पण त्याच सातबाऱ्यावरून दुसरी चूक सापडली. जुन्या करारात "अपत्याचा पित्याच्या कोणत्याही मालमत्तेवर हक्क राहणार नाही" असं वाक्य होतं. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मुलीला जन्माने हक्क मिळतो, २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलासारखाच. अल्पवयीन मुलीच्या वतीने आई-वडिलांनी तो असा सोडणं शक्य नाही. वाक्य काढलं आणि त्याजागी लिहिलं की मुलीचे जन्माने व वारसाने मिळणारे सर्व हक्क अबाधित राहतील. सासरे त्या दिवशी सोबत आले होते. ते म्हणाले, "नातीची पेटी मी दरवर्षी पाठवीन. ती कोर्टात लिहू नका." आम्ही नाही लिहिली.

दागिन्यांची यादी वजनासकट परिशिष्टात लावली. लॉकर दोघांनी मिळून उघडला, पत्नीने तिथेच पोच दिली. विषय संपला.

ताबा आणि गणपती

ताबा आईकडे, पालक म्हणून दोघंही, यावर वाद नव्हता. भेटीच्या वेळांवर मात्र तीन बैठका झाल्या. मुंबईतल्या अर्जांत "दर शनिवार-रविवार" असतं. मुंबईहून चिपळूणला दर आठवड्याला कोण येणार? आम्ही महिन्यातून एक शनिवार-रविवार चिपळुणात, मे महिन्याच्या सुटीतले सलग वीस दिवस वडिलांकडे, शिमग्याचे दोन दिवस, आणि गणपती असं ठरवलं.

गणपतीबद्दल पतीच्या वकिलांनी "गणपतीचे पाच दिवस" लिहिलं होतं. पण त्या घरी गणपती गौरीबरोबर जातो, आणि गौरी-विसर्जन २०२३ मध्ये पाचव्या दिवशी आलं, २०२४ मध्ये सहाव्या, २०२५ मध्ये सातव्या. "पाच दिवस" लिहिलं असतं तर पहिल्याच वर्षी मुलीला गौरीपूजनाआधी परत आणावं लागलं असतं. म्हणून दिवसांचा आकडा काढला: "गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी १० वाजल्यापासून गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी ५ वाजेपर्यंत." मुलीला देण्या-घेण्याची जागा चिपळूण रेल्वे स्टेशन. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या मिनिटांत भरतात, म्हणून मे महिन्याच्या आणि इतर भेटींच्या तारखा पतीने पंच्याहत्तर दिवस आधी मेसेजने कळवायच्या.

व्हिडिओ कॉल आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी सात ते आठ. मुलगी तापाने आजारी असेल तर भेट रद्द न होता पुढच्या महिन्यात भरून द्यायची. आईला चिपळूण सोडून दुसरीकडे राहायला जायचं असेल तर तीस दिवस आधी कळवायचं. एवढं बारीक लिहिलं तरी ताब्याची अट कायमची नसते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मुलीच्या हितासाठी कोर्ट ती पुढेही बदलू शकतं, आणि तसं आम्ही अर्जातच नमूद केलं. बारा वर्षांची झाल्यावर मुलीचं म्हणणं वेगळं असू शकतं.

कोर्टात

अर्ज दाखल झाला त्याच दिवशी पतीने दोन लाखांचा धनाकर्ष, म्हणजे डिमांड ड्राफ्ट, दिला. तो काढला होता लग्नाच्या दाखल्यावरच्या माहेरच्या नावाने. तिचं खातं सासरच्या नावाचं. बँकेने घेतला नाही. अर्जात "ऊर्फ" होतं म्हणून गोंधळ ओळख पटवण्यापर्यंत गेला नाही, धनाकर्ष रद्द करून रक्कम थेट खात्यात आली आणि बँकेच्या नोंदीसह कोर्टात पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली. पुढचे चार लाख धनाकर्षाने न घेता खात्यातच घ्यायचे, असं लगेच ठरवून टाकलं.

आठवड्याभराने मधले सहा महिने माफ करण्याचा अर्ज दिला. त्यासोबत दोघांच्या उत्पन्न-मालमत्तेची शपथपत्रं जोडली होती. कोणी मागितली नव्हती, पण पोटगीच्या वादांसाठी २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात दिलेला नमुना वापरला की तडजोड उघड्या डोळ्यांनी झाली आहे हे कोर्टाला दिसतं. मध्यस्थी झाली, समेट शक्य नसल्याचा अहवाल आला, माफीचा अर्ज मंजूर झाला.

१८ ऑगस्टला दुसरा जबाब. साहेबांनी पत्नीला विचारलं, पैसे मिळाले का, फ्लॅटचा कागद झाला का, कोणाच्या दबावाखाली सही केली नाही ना. मग पतीला विचारलं, मुलीची फी भरणार ना. दोघांनी उत्तरं दिली. रोजनाम्यात अटींसह हुकूमनाम्याचा आदेश झाला. नक्कल हातात आल्यावर मी सगळ्यात आधी पोटगीचे आकडे आणि गणपतीचा परिच्छेद अर्जाशी शब्द न् शब्द ताडून पाहिला, कारण हुकूमनामा टंकताना परिशिष्ट राहून जाणं मी पूर्वी पाहिलं आहे. परिशिष्ट होतं. तीन प्रमाणित प्रती काढल्या, एक सोसायटीसाठी, एक शाळेसाठी, एक तिच्याकडे.

२६ ऑगस्टला सकाळी दहा वाजता चिपळूण स्टेशनवर तिने मुलीला वडिलांकडे दिलं. ३ सप्टेंबरला संध्याकाळी पावणेपाचला तो तिला परत घेऊन आला, सोबत आजीने दिलेला मोदकांचा डबा होता.